पत्ता असा लिहा की डिलिव्हरीवाला फोन न करता दारात येईल : खेड्यातल्या पत्त्याला खूण का लागते आणि ती कशी निवडायची

‘दादा, फाट्यावर आलोय, आता कुठं वळू?’ गावात पार्सल मागवणाऱ्या प्रत्येकाला हा फोन आलेला असतो. फोन उचलला तर ठीक. शेतात रेंज नसेल, फोन चार्जिंगला लावून माणूस गोठ्यात गेला असेल, तर रायडर थोडा वेळ थांबतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. पार्सलवर ‘ग्राहक संपर्कात नाही’ असा शेरा पडतो. असं दोन-तीन वेळा झालं की माल परत जातो. कपडे असतील तर पुन्हा मागवता येतात. पण एटीएम कार्ड, औषधं किंवा मुलाखतीचं पत्र असेल तर तेवढ्यात मुदत निघून जाते.

दोष बहुतेक वेळा रायडरचा नसतो आणि घरमालकाचाही नसतो. आपण ज्याला पत्ता म्हणतो, तो मुळात घर शोधण्यासाठी बनलेलाच नाही. तो कशासाठी बनला हे समजलं की कुठली ओळख कुठं लिहायची हे आपोआप कळतं.

घराला नंबर आहे, पण तो रस्त्याचा नाही

आपल्या घराला एक नव्हे, दोन-तीन नंबर असतात. पहिला गट नंबर. 1947 च्या कायद्यानुसार जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी बहुतेक गावांत गट नंबर आले. सातबाऱ्यावर तोच असतो. हा नंबर जमिनीचा आहे. एका गटात दहा एकर शेत आणि चार भावांची चार घरं असू शकतात. शिवाय गटाचा नंबर बांधावर लिहिलेला नसतो. तो तलाठ्याच्या नकाशात असतो, रायडरला दिसत नाही.

दुसरा ग्रामपंचायतीचा मिळकत नंबर, म्हणजे नमुना 8 वरचा. हा घरपट्टी आकारण्यासाठी दिलेला आहे. घराची नोंद जशी होत गेली तसा तो पडत गेला. त्यामुळे 112 नंबरच्या शेजारी 113 असेलच असं नाही. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. वाटणी झाली की 112/1, 112/2 होतात. शहरात रस्त्याच्या एका बाजूने नंबर मोजत जाता येतं, तसं इथं जमत नाही.

तिसरा नंबर गावठाणातल्या नगर भूमापनाचा. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली आणि अनेक घरांना मिळकत पत्रिका मिळाल्या. हक्काच्या दृष्टीने हा कागद मोलाचा आहे. पण तोही मालकी सांगतो, वाट सांगत नाही. आणि मळ्यातली, वस्तीवरची घरं गावठाणाच्या बाहेर असल्याने बहुधा त्यात येत नाहीत.

म्हणजे नंबर आहेत, पण एक महसूलाचा, एक कराचा आणि एक हक्काचा. रस्त्यांना नावं नाहीत, असली तरी कुणी वापरत नाही. मग माणूस काय सांगणार? ‘टाकीच्या मागं.’ ही खूण म्हणजे अडाणीपणा नव्हे. जिथं रस्त्याला नाव नाही आणि दाराला सलग नंबर नाही, तिथं डोळ्याला दिसणारी खूण हाच खरा पत्ता असतो.

पोस्टमनला चालायचं, रायडरला का चालत नाही?

पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो तयार करण्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी होते. ते संस्कृतचे जाणकार म्हणूनही ओळखले जातात. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा. आपला 4 हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांचा आहे. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्र कुठल्या छाटणी जिल्ह्यात जायचं ते ठरतं. शेवटचे तीन आकडे टपाल वाटप करणाऱ्या कार्यालयाचे.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पिन कोड पोस्टापर्यंत नेतो, घरापर्यंत नेत नाही. ग्रामीण भागात एका पिन कोडखाली कितीतरी गावं आणि वाड्या येतात. पोस्टापासून पुढचं काम पोस्टमनच्या डोक्यात असतं. गावातला डाकसेवक नाव वाचूनच ओळखतो की हे खालच्या मळ्यातलं घर. म्हणून ‘मु. पो.’ आणि गावाचं नाव एवढ्यावर पत्र पोहोचत होतं, आजही पोहोचतं.

कुरिअरचा किंवा ऑनलाइन कंपनीचा रायडर तालुक्याच्या गावातून निघतो. त्याच्या पिशवीत सात-आठ गावांचा माल असतो. बऱ्याच ठिकाणी पैसे पार्सलमागे मिळतात, म्हणून एका घरासाठी अर्धा तास घालवणं त्याला परवडत नाही. शिवाय माणसं बदलत राहतात. ज्याला मागच्या महिन्यात घर माहीत झालं, तो या महिन्यात दुसऱ्या रूटवर असतो. पोस्टमनच्या डोक्यात जे होतं ते आता कागदावर लिहावं लागतं. एवढाच फरक आहे.

पत्ता दोघं जण वाचतात

पहिला वाचणारा छाटणी केंद्रावर असतो. त्याला पिन कोड, तालुका, जिल्हा आणि गाव एवढंच लागतं. दुसरा वाचणारा रायडर. त्याला तालुका आधीच माहीत असतो, त्याला शेवटचे दोन किलोमीटर हवे असतात. आपण बहुतेक वेळा एकाच्याच कामाचं लिहितो.

पहिल्या वाचणाऱ्यासाठी तीन गोष्टी तपासा.

पिन कोड आपल्या गावाचाच आहे का? सवयीने तालुक्याच्या गावाचा पिन कोड टाकला जातो. आपलं गाव दुसऱ्या पोस्टाखाली असेल, तर पार्सल भलत्याच केंद्रावर उतरतं आणि तिथला रायडर आपल्या गावाला येतच नाही. काही गावांचं पोस्ट तर शेजारच्या तालुक्यात असतं. गावाच्या शाखा डाकघरात विचारलं की खात्री होते.

‘मु. पो.’ बरोबर आहे का? मुक्काम आणि पोस्ट एकाच गावात असतील तरच ते जोडून लिहायचं. पोस्ट दुसऱ्या गावात असेल तर ‘मु.’ पुढे आपलं गाव आणि ‘पो.’ पुढे पोस्टाचं गाव, असं वेगळं लिहा. नाहीतर माल पोस्टाच्या गावात फिरत बसतो.

गावाचं नाव पूर्ण आहे का? पिंपळगाव, वडगाव, निमगाव ही नावं कितीतरी तालुक्यांत आहेत. त्यात खुर्द आणि बुद्रुक. खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे मोठं. हे शब्द फारसीतून आले आणि शेजारशेजारच्या दोन गावांना वेगळं ओळखण्यासाठीच लागले. घाईत ‘खु.’ किंवा ‘बु.’ गाळलं की तेच वेगळेपण जातं, आणि दोन्ही गावांत एकाच आडनावाची घरं असतात.

वस्तीच्या नावाबद्दलही एक सांगायला हवं. जातिवाचक वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. आपल्या वस्तीला नवं नाव मिळालं असेल तर पत्त्यात तेच लिहा. जुनं नाव पार्सलवर छापून गावभर फिरवायची गरज नाही. नव्या नावासोबत एक पक्की खूण दिली की रायडरला अडचण येत नाही.

चांगली खूण कशी ओळखायची?

खूण रायडरच्या डोळ्याने निवडायची, आपल्या नव्हे. ‘मारुती मंदिराजवळ’ ही खूण गावातल्या माणसाला पुरते. पण मारुती प्रत्येक गावात आहे आणि पुष्कळ गावांत दोन-तीन आहेत. ‘पाटलांच्या वाड्यामागं’ यात पाटील कोण हे रायडरला माहीत नाही. ‘मोठ्या वडाजवळ’ हे रात्री उपयोगाचं नाही. दुकानाची खूण दुकान चालू असेपर्यंतच टिकते. फ्लेक्सची खूण तर पुढच्या वाढदिवसापर्यंत.

खूण निवडताना चार प्रश्न विचारा. ती मोटारसायकलवरून जाताना दिसते का? गावात तशी एकच आहे का? अंधारात ओळखू येते का? आणि रस्त्यावरच्या कुणालाही विचारलं तर तो दाखवू शकेल का? चारही उत्तरं ‘हो’ आली तर ती पक्की खूण. पाण्याची उंच टाकी, झेडपीची शाळा, ग्रामपंचायत कार्यालय, दूध डेअरी, गावाची कमान, ओढ्यावरचा पूल, मोबाईल टॉवर, वीज उपकेंद्र या बहुतेक गावांत चालणाऱ्या खुणा आहेत. वस्तीवर डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, कामाला येतो. पण कॅनॉलच्या कडेला चार डीपी असतील तर ‘डीपीजवळ’ लिहून काही साधत नाही. तिथं ‘शाळेपासून दुसरा डीपी’ असं लिहावं लागतं.

खुणेचं नाव लोक ज्या नावाने घेतात त्याच नावाने लिहा. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत पत्ता टाकताना काहीजण खुणेचं भाषांतर करतात. रायडर ते वाचून म्हाताऱ्या माणसाला ‘वॉटर टँक कुठं?’ विचारतो आणि दोघंही बघत राहतात. अक्षरं इंग्रजी असली तरी शब्द ‘पाण्याची टाकी’ हाच ठेवा.

‘जवळ’ हा शब्द टाळा

पत्त्यातला सर्वात फसवा शब्द म्हणजे ‘जवळ’. गावात जवळ म्हणजे पन्नास पावलंही आणि अर्धा किलोमीटरही. त्याच्या जागी समोर, मागे, लागून, किंवा सरळ मीटरमध्ये अंतर लिहा. अंतर मिनिटांत देऊ नका. पाच मिनिटं पायी आणि पाच मिनिटं गाडीवर यात फार फरक पडतो.

‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे आपले फार कामाचे शब्द आहेत. पण कुठून येताना ते सांगितलं नाही तर ते उलटे पडतात. आपण घरातून बाहेर बघत बोलतो. आपल्याला जे पुलाच्या पलीकडे, ते तालुक्याकडून येणाऱ्याला अलीकडे. डाव्या-उजव्या हाताचंही तसंच. म्हणून सुरुवातीला एकदाच लिहून टाका : ‘तालुक्याकडून येताना’. मग पुढचं सगळं त्याच दिशेने धरायचं.

एक पत्ता दुरुस्त करून बघू

गावाचं नाव उदाहरणापुरतं आहे. समजा घरमालक आजवर असा पत्ता देत आला :

मु. पो. पिंपळगाव, गट नं. 214, मारुती मंदिराजवळ, आणि पुढे तालुका, जिल्हा, तालुक्याचा पिन कोड.

घर प्रत्यक्षात पिंपळगाव खुर्दच्या खालच्या मळ्यात आहे. तालुक्यापासून 11 किलोमीटरवर उजव्या हाताला गावाची कमान लागते. कमानीतून आत 2 किलोमीटरवर झेडपी शाळा. शाळेच्या थोडं अलीकडे डावीकडे कॅनॉलचा कच्चा रस्ता फुटतो. त्या रस्त्याने 600 मीटर गेलं की डाव्या हाताला निळं गेट आहे आणि गेटसमोर डीपी. पोस्ट मात्र पिंपळगाव बुद्रुकला आहे.

आता चुका मोजू. खुर्द लिहिलं नाही, म्हणून रायडर मोठ्या गावात, म्हणजे बुद्रुकला जाईल. ‘मु. पो.’ जोडून लिहिल्यामुळे त्याची तिकडे जाण्याची खात्रीच झाली. पिन कोड तालुक्याचा, म्हणजे माल कदाचित दुसऱ्याच केंद्रावर पडेल. गट नंबर त्याच्या उपयोगाचा नाही. मंदिर गावठाणात आहे आणि घर मळ्यात. घरच्यांना ते जवळचं वाटतं, कारण ते रोज तिकडून जातात.

नवा पत्ता असा होईल :

नाव, मोबाईल नंबर आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर
निळं लोखंडी गेट, समोर डीपी, खालचा मळा
झेडपी शाळेपासून कॅनॉल रस्त्याने 600 मीटर, डाव्या हाताला
मु. पिंपळगाव खुर्द, पो. पिंपळगाव बुद्रुक
तालुका, जिल्हा, बुद्रुक पोस्टाचा पिन कोड
वाट : तालुक्याकडून येताना कमानीतून उजवीकडे, 2 किमीवर झेडपी शाळा, शाळेच्या अलीकडे डावीकडे कॅनॉल रस्ता.

पार्सलवरच्या चिठ्ठीत जागा कमी असते. लांब पत्ता शेवटी कापला जाऊ शकतो. म्हणून सर्वात गरजेची खूण आधी आणि वाटेची ओळ शेवटी. अ‍ॅपमध्ये लँडमार्कचा वेगळा रकाना असेल तर त्यात ‘झेडपी शाळा, पिंपळगाव खुर्द’ एवढंच टाका. तिथं ‘घराजवळ’ किंवा पुन्हा गावाचं नाव टाकून रकाना वाया घालवू नका. गट नंबर हवा असेल तर ठेवा, पण खुणेच्या मागे.

ज्या गावापर्यंत डिलिव्हरी येतच नाही, तिथली माणसं फाट्यावरच्या किंवा तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता देतात. तेही चालतं. फक्त तेव्हा पूर्ण पत्ता दुकानाचाच द्या, आपल्या नावापुढे ‘मार्फत’ लिहून दुकानाचं नाव, आणि पिन कोडही दुकानाचाच. अर्धा पत्ता घराचा आणि अर्धा दुकानाचा झाला की माल दोन्हीकडे पोहोचत नाही.

नकाशावरची पिन कशी लावायची?

लोकेशन पाठवलं की काम झालं, असं वाटतं. पण पिन चुकते आणि ती कुठं चुकते हे ठरलेलं आहे. पत्र्याच्या घरात बसून लोकेशन घेतलं तर ते इकडे-तिकडे सरकतं. म्हणून अंगणात मोकळ्या आभाळाखाली या, अर्धा मिनिट थांबा, निळा ठिपका स्थिर झाला की मगच लोकेशन घ्या. दुसरं, पिन घरावर न लावता गेटवर लावा. घर कॅनॉलला लागून असेल तर नकाशा पलीकडच्या काठाचा रस्ता धरतो, आणि रायडर पाण्यापलीकडून आपल्याला हात करतो. पूल कुठं आहे ते वाटेच्या ओळीत लिहायला हवं.

नुसतं गावाचं नाव शोधून पिन ठेवली तर ती गावाच्या मध्यावर पडते. मळ्यातल्या घराला तिचा काही उपयोग नाही. अक्षांश-रेखांश आकड्यांत पाठवत असाल तर दशांश चिन्हानंतरचे निदान पाच आकडे ठेवा. पाच आकड्यांनी जागा साधारण मीटरभरात सापडते. तीनच ठेवले तर शंभरेक मीटरची चूक होते, म्हणजे दुसऱ्याच्याच बांधावर.

टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला. त्यात देशभराचे सुमारे 4 मीटर बाय 4 मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड आहे. मळ्यातल्या घरालाही तो मिळतो, हा त्याचा मोठा फायदा. तो काढून वहीत लिहून ठेवायला हरकत नाही. पण तो पिन कोडची जागा घेत नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चालेलच असंही नाही. शिवाय रेंज गेली की रायडरला कोड नव्हे, टाकीच दिसते. त्यामुळे कोड आणि खूण दोन्ही द्या.

पत्ता जमला की नाही, कसं कळणार?

पुढच्या वेळी रायडरचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न लक्षात ठेवा. ‘कुठल्या फाट्यावर वळू?’ विचारलं तर वाटेची ओळ अपुरी आहे. ‘कुठलं पिंपळगाव?’ विचारलं तर खुर्द-बुद्रुक राहिलंय. ‘शाळेपाशी उभा आहे’ म्हणाला तर शेवटचे काही मीटर लिहायचे राहिलेत. तो जिथं अडला तिथं पत्त्यात एक शब्द वाढवा. दोन-तीन पार्सलमध्ये पत्ता पक्का होतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘तुमचा पत्ता अपूर्ण आहे, पार्सल परत जाईल, या लिंकवर पत्ता भरा’ असे टपाल खात्याच्या नावाने खोटे मेसेज फिरतात. लिंक उघडून कार्डाचा नंबर किंवा ओटीपी देऊ नका. पार्सल मागवलं असेल तर ज्या अ‍ॅपवरून मागवलं तिथंच जाऊन पत्ता बघा.

तयार झालेला पत्ता मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि मोठ्या अक्षरांत लिहून घरात फोनच्या जागेजवळ चिकटवा. रात्री कुणाला साप चावला आणि 108 ला फोन लावला, तर पलीकडचा माणूस हेच विचारतो : गाव कोणतं, फाटा कोणता, खूण कोणती. तेव्हा घरात फक्त आजी आणि शाळकरी पोर असेल, तरी त्यांना भिंतीवरच्या ओळी वाचून सांगता येतील.